‘आजच बुक करा’ हे कोणाला म्हणायचे?

पत्र

मी एका श्रवण-तपासणी केंद्रासाठी महिन्याला चार लेख लिहिते. लेख शेवटपर्यंत वाचले जातात, हे आकड्यांवरून दिसते. पण प्रत्येक लेखाखाली केंद्राने ठरवून दिलेले एकच वाक्य येते : ‘आजच आपले श्रवणयंत्र बुक करा. सवलत मर्यादित काळासाठी!’ त्यावर जवळजवळ कोणीच क्लिक करत नाही. मी ते बदलून ‘अधिक माहितीसाठी संपर्क साधा’ असे केले, तरी फरक पडला नाही. चालक म्हणतात, बटण मोठे करा, रंग बदला. मला वाटते, घोळ शब्दांत आहे. वाचकाच्या टप्प्याप्रमाणे सीटीए, म्हणजे लेखाखालचे कृतीचे आवाहन, लिहावा असे सगळे सांगतात. पण लेख लिहिताना तो टप्पा ओळखायचा कसा आणि त्याप्रमाणे शेवट लिहायचा कसा? तीन लेख सोबत जोडले आहेत.

— शेवटापाशी अडलेली एक लेखिका

उत्तर

स.न.

रंगाचा प्रश्न सध्या बाजूला ठेवू. तुमची दोन्ही वाक्ये चुकली आहेत, पण एकमेकांच्या उलट टोकांना. पहिले वाक्य वाचकाकडे तो आज देऊ शकत नाही असे काहीतरी मागते आणि दुसरे काहीच मागत नाही. ‘अधिक माहितीसाठी संपर्क साधा’ हे शब्द आपण इतक्या फलकांवर आणि पत्रकांवर वाचलेले असतात की नजर त्यांच्यावरून घसरून जाते. कोणती माहिती, कोणाकडून, संपर्क साधल्यावर पुढे काय होणार, यांपैकी काहीही त्यात नसते. शिवाय वाचकाने नुकतीच हजारभर शब्दांची माहिती वाचलेली असते. त्याला आणखी माहिती हवी आहे की दुसरेच काही, हे आपण ठरवलेलेच नसते आणि ते न ठरवल्याची खूण म्हणून हे वाक्य उरते.

तुमचा पहिला लेख, ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत’, तिन्हींत सर्वांत चांगला उतरला आहे आणि त्याचाच शेवट सर्वांत जास्त फसला आहे, म्हणून त्याच्यापाशी थोडे थांबतो. वाढत्या वयात ऐकणे कमी होऊ लागते तेव्हा बहुधा उंच पट्टीचे आवाज आधी जातात, हे तुम्ही छान समजावले आहे. बोलण्यातल्या स्वरांचा जोर खालच्या पट्टीत असतो, म्हणून बोलणे पुरेसे मोठे वाटते. पण ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारख्या व्यंजनांची ओळख उंच पट्टीत असल्यामुळे ‘साठ’, ‘पाठ’ आणि ‘आठ’ यांत फरक करणे अवघड होते. म्हणून अशा माणसाचा अगदी प्रामाणिक समज असा असतो की, आपले कान ठीक आहेत, हल्लीचे लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात.

हाच समज मनात घेऊन वाचक तुमच्या लेखात शिरतो. लेख संपतो तेव्हा त्याच्या मनात काय असते? ‘मला श्रवणयंत्र हवे’ असे मुळीच नसते. ‘कदाचित प्रश्न माझ्या कानांचा असेल’ इतकेच असते. हजार शब्दांनी तुम्ही त्याला एका ‘कदाचित’पर्यंत आणले आहे आणि खरे सांगायचे तर एका लेखासाठी ही मोठी मजल आहे. त्याच क्षणी खाली ‘आजच आपले श्रवणयंत्र बुक करा’ असे येते. त्यातला ‘आपले’ हा शब्द तर फारच घाईचा आहे. त्याचे श्रवणयंत्र असे काही अजून अस्तित्वातच नाही. त्याची तपासणी झालेली नाही, दोष किती आहे हे कोणी मोजलेले नाही, तो दोष यंत्राने भरून निघणारा आहे की कानात मळ साचल्यामुळे आलेला आहे, हेही माहीत नाही. ‘कदाचित’ म्हणणाऱ्या माणसाला आपण ‘नक्की’च्याही पलीकडचे काम सांगतो आहोत.

टप्पा ओळखण्यासाठी मी एक साधी रीत वापरतो आणि ती तुम्हीही करून पाहा. लेख हातात घेण्यापूर्वी दोन वाक्ये लिहून काढायची. लेखाची पहिली ओळ वाचताना वाचकाची समजूत काय असते, हे पहिले वाक्य. शेवटची ओळ वाचून झाल्यावर त्याची समजूत काय झालेली असते, हे दुसरे. ही दोन्ही वाक्ये वाचकाच्या तोंडची असावीत, आपल्या नव्हेत. मग दुसऱ्या वाक्यानंतर त्याच माणसाच्या मनात साहजिक कोणता प्रश्न उठेल, तो तिसऱ्या ओळीवर लिहायचा. लेखाच्या शेवटी जी कृती सुचवायची, ती त्या तिसऱ्या ओळीतल्या प्रश्नाचे उत्तर मिळवून देणारी असली पाहिजे. पहिल्या लेखापुरत्या या तीन ओळी अशा होतील : ‘लोक पुटपुटतात.’ ‘कदाचित माझ्या कानांचा प्रश्न असेल.’ ‘पण खरंच तसं आहे का, की मी उगाच मनाला लावून घेतोय?’ आता या शेवटच्या प्रश्नावर ‘सवलत मर्यादित काळासाठी’ हे उत्तर कसे बसते, ते तुम्हीच पाहा.

वाचकाचे पाच टप्पे मांडण्याची रीत तुम्ही बहुधा ऐकली असेल. अमेरिकी जाहिरात-लेखक यूजीन श्वार्ट्झ यांनी १९६६ साली केलेल्या मांडणीपासून ती रूढ झाली : समस्येची जाणीवच नसलेला वाचक, जाणीव झालेला, उपाय असतो हे कळलेला, विशिष्ट वस्तू ओळखणारा आणि सर्व पटून फक्त सौदा ठरायचा बाकी असलेला. ही मांडणी उपयोगी आहे, पण ती जिन्याच्या पायऱ्यांसारखी घेतली की तुमच्या विषयात दगा देते. श्रवणयंत्र नावाची वस्तू असते, हे कोणाला सांगावे लागत नाही. ज्याला स्वतःला कमी ऐकू येते हे मान्य नाही, त्यालाही ती वस्तू पाहून माहीत असते आणि बऱ्याचदा तीच नको म्हणून तो कमी ऐकू येत असल्याचे मान्य करत नाही. म्हणजे वस्तूची ओळख चौथ्या पायरीची आणि समस्येची कबुली पहिल्या पायरीची, असा माणूस तुमचा मुख्य वाचक आहे. टप्पा माहितीवरून नव्हे, तर कबुलीवरून मोजायचा, हे तुमच्या क्षेत्रापुरते मी ठामपणे म्हणेन.

हे अंदाजाने करण्याची गरज नाही. केंद्रात फोन घेणारी व्यक्ती असेल. तिच्याशेजारी दोन दिवस बसा आणि फोन करणाऱ्यांचे पहिले वाक्य जसेच्या तसे टिपून घ्या. पुढचे संभाषण सोडून दिले तरी चालेल, कारण माणूस कुठे उभा आहे हे पहिल्याच वाक्यात उघडे पडते. ‘आईला ऐकू कमी येतंय, पण ती मानायलाच तयार नाही.’ ‘तपासणी करून घेतली, रिपोर्ट आलाय, आता पुढे काय?’ ‘कानाच्या आत बसतं, दिसत नाही, ते केवढ्याला?’ ही तीन वाक्ये तीन निरनिराळ्या टप्प्यांवरची आहेत आणि तुमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या लेखाशी त्यांची जोडी लागते, हा योगायोग नाही. त्या फोनवरचे शब्द पुढे शेवट लिहिताना जसेच्या तसे कामी येतात, हा आणखी एक फायदा.

टप्पा कळला की दुसरी गोष्ट पाहायची, ती म्हणजे आपल्या मागणीची वाचकाला पडणारी किंमत. येथे पैसे हा किमतीचा एकच भाग आहे आणि अनेकदा तो सर्वांत लहान असतो. फोन नंबर देणे ही किंमत आहे, कारण त्यानंतर कोण कधी फोन करील, यावर आपला ताबा उरत नाही. ठरलेल्या वेळी कुठेतरी जाऊन बसणे ही किंमत आहे. ‘मला कमी ऐकू येते’ हे स्वागतकक्षातल्या अनोळखी माणसाला सांगणे ही तर काहींसाठी सर्वांत भारी किंमत आहे. लेखाने वाचकाची जितकी खात्री पटवली आहे, त्याहून थोडी कमीच किंमत शेवटी मागावी. ‘कदाचित’ एवढीच खात्री असलेला माणूस दहा मिनिटे देईल, घरातल्या घरात काही करून पाहील. नाव आणि नंबर मात्र देणार नाही.

आता तो शेवट प्रत्यक्ष लिहून पाहू. माझा पहिला खर्डा असा होता : ‘आपल्या श्रवणक्षमतेविषयी शंका असल्यास मोफत तपासणीसाठी नोंदणी करा.’ हा तुमच्या वाक्यापेक्षा बरा आहे, पण चुकीचाच आहे. ‘मोफत’ म्हटले तरी नोंदणी आलीच, म्हणजे नाव, नंबर आणि कबुली आली. शिवाय यंत्र विकणाऱ्याने दिलेल्या मोफत तपासणीचा शेवट कशात होईल, याची कल्पना वाचकाला असतेच. दुसरा खर्डा : ‘आपले ऐकणे कसे आहे याकडे लक्ष द्या.’ येथे किंमत शून्यावर आली, पण कृतीही शून्यावर आली. लक्ष द्यायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे कोणालाही सांगता येणार नाही. तिसरा खर्डा मी ठेवला :

‘पुढचे सात दिवस एक छोटी नोंद ठेवून पाहा. “काय म्हणालात?” असे तुम्हाला जेव्हा जेव्हा विचारावे लागेल, तेव्हा एक खूण करा आणि तुम्ही त्या वेळी कुठे होता, एवढेच शेजारी लिहा : शांत खोलीत, चारचौघांत, की फोनवर. सात दिवसांनी तुमची अडचण शांततेतही येते की फक्त गोंगाटात, याचा थोडा अंदाज तुमचा तुम्हालाच येईल. नोंदीचा एका पानाचा तक्ता खाली आहे. तो घेण्यासाठी नाव किंवा फोन नंबर लागत नाही.’

आणि बटणावर : ‘सात दिवसांचा तक्ता उतरवून घ्या’.

यातला कोणता शब्द कशासाठी आहे, ते सांगतो. ‘सात दिवस’ म्हटल्यामुळे कामाला शेवट आहे हे कळते. नुसते ‘नोंद ठेवा’ म्हटले असते तर ते आयुष्यभराचे ओझे वाटले असते. ‘कुठे होता’ हा रकाना शोभेचा नाही. शांत खोलीतही पुन्हा विचारावे लागते आणि फक्त गर्दीतच विचारावे लागते, या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. तो माणूस पुढे कधी तपासणीला आला, तर ऐकण्याची तपासणी करणारा ऑडिओलॉजिस्ट पहिल्या पाच मिनिटांत त्याला हेच विचारणार आहे. म्हणजे वाचकाला आज फुकट मिळालेली वस्तू उद्या तपासणीच्या टेबलावरही उपयोगी पडते. नाव-नंबर लागत नाही हे वाक्य शेवटी आहे, कारण ती शंका शेवटीच येते. बोट बटणावर जाताना.

येथे केंद्राचे चालक विचारतील की, मग आमचे काय? त्यांचे वाक्य आपण खोडले नाही, जागा बदलून ठेवले आहे. तक्त्याच्या तळाशी, सातव्या दिवसाच्या रकान्याखाली, असे छापा : ‘शांत खोलीतल्या खुणा दिसत असतील, तर ऐकण्याची तपासणी करून घेण्यासारखी आहे. येताना हा कागद सोबत आणा.’ आणि त्याखाली वेळ ठरवण्यासाठीचा नंबर. हा मजकूर वाचणारा माणूस लेखाच्या शेवटी होता तो उरलेला नाही. त्याच्या हातात त्याच्याच अक्षरातला पुरावा आहे. तपासणीची मागणी करण्याची जागा ती आहे. पूर्ण मार्ग एकाच बटणात कोंबायचा नसतो. एका टप्प्यावर दिलेल्या वस्तूतच पुढच्या टप्प्याचे आवाहन ठेवायचे असते.

दुसऱ्या लेखाविषयी थोडे वेगळे बोलावे लागेल. ‘घरातले ज्येष्ठ तपासणीला नाही म्हणतात तेव्हा’ हा लेख ज्याला ऐकू येत नाही तो वाचतच नाही. तो वाचते त्याची मुलगी, सून किंवा जोडीदार. तिला समस्येची कबुली कधीच झालेली आहे, उपायही माहीत आहे. अडले आहे ते दुसऱ्या माणसाच्या होकारापाशी. तिच्यासमोर ‘आपले श्रवणयंत्र बुक करा’ ठेवणे म्हणजे पत्ता चुकवणे आहे. तिचा तिसऱ्या ओळीवरचा प्रश्न ‘मी त्यांच्याशी बोलू कशी?’ असा आहे, तेव्हा शेवटी तिला बोलण्याची एखादी सुरुवात हवी. मी असे लिहीन : ‘त्यांना “तुम्हाला ऐकू येत नाही” असे म्हणण्याऐवजी “माझीही तपासणी करायची आहे, सोबत याल का?” असे विचारून पाहा. दोघांसाठी लागोपाठच्या वेळा ठरवून घेता येतात.’ अर्थात केंद्राने तशा वेळा खरोखर द्यायला हव्यात. जे केंद्र देणार नाही, ते शेवटच्या वाक्यात लिहायचे नाही, इतका साधा हिशेब आहे.

तिसरा लेख, ‘कानामागे की कानाच्या आत?’, येथे मात्र तुमचा सौम्यपणा आड आला आहे. हा वाचक तपासणीचा रिपोर्ट, म्हणजे ऑडिओग्राम, हातात घेऊन बसलेला आहे. त्याला नोंदीचा तक्ता दिला तर तो चिडेल, आणि त्यात त्याची काही चूक नाही. ‘विक्रीचा आग्रह नको’ याचा अर्थ विक्रीची वेळ आलेल्या माणसापासून किंमत लपवावी, असा होत नाही. त्याचा प्रश्न नेमका आहे : माझ्या रिपोर्टला यातले काय चालेल? ऐकण्यातली घट फार तीव्र असेल तर कानाच्या आत बसणारी अगदी लहान यंत्रे पुरी पडत नाहीत, आणि बोटांना बारीक काम जमत नसेल तर त्यांच्या इवल्याशा बॅटऱ्या बदलणे हीच नेहमीची कटकट होते, हे तुम्ही लेखातच लिहिले आहे. म्हणून शेवट असा : ‘तुमच्या ऑडिओग्रामचा फोटो पाठवा. तुम्हाला कोणते प्रकार चालतील, कोणते चालणार नाहीत आणि का, हे आम्ही किमतींसह दोन दिवसांत लेखी कळवू.’ येथे नंबर मागितला तरी चालतो, कारण मोबदल्यात त्याला हवे तेच मिळते आहे. ‘कोणते चालणार नाहीत’ हे शब्द चालकांना खटकतील. ते काढू देऊ नका. विकणारा स्वतःहून काही नाकारतो, तेव्हाच त्याच्या शिफारशीला वजन येते.

एकाच लेखावर दोन टप्प्यांचे वाचक येतात, हे खरे आहे, आणि त्यावर लोक तीन-तीन बटणे लावून मोकळे होतात. मग वाचकाला निवडच करत बसावी लागते. बटण एकच असू द्या, लेखाच्या बहुसंख्य वाचकांसाठी. पुढे गेलेल्यांसाठी त्याच्याखाली साध्या अक्षरांत एक ओळ पुरते : ‘तपासणी आधीच झाली असेल, तर रिपोर्ट कसा वाचायचा ते येथे पाहा.’ घाईत असलेला माणूस साधी ओळही शोधून काढतो. संभ्रमात असलेला मात्र दुसऱ्या बटणामुळे पळतो.

आता शब्दांविषयी. आपल्या भाषेत क्रियापदाला जोडून येणारे छोटे क्रियापद पुष्कळ काम करते आणि बटणे लिहिणारे त्याचा विचार करत नाहीत, याचे मला नेहमी नवल वाटते. ‘नोंद ठेवा’ हा आदेश आहे. ‘नोंद ठेवून पाहा’ म्हटले की तो प्रयोग होतो, सोडून देण्याची मुभा त्यातच असते. ‘नोंद ठेवायला हरकत नाही’ म्हटले की बोलणाऱ्याचाच त्यावर विश्वास नाही असे वाटते. तसेच ‘घेणे’ आणि ‘देणे’. ‘वेळ ठरवून घ्या’, ‘तक्ता उतरवून घ्या’ यांत लाभ वाचकाकडे जातो. ‘माहिती भरून द्या’, ‘नंबर देऊन ठेवा’ यांत तो आपल्याकडे येतो, आणि वाचकाला हे व्याकरण न शिकताही कळते. सुरुवातीच्या टप्प्यांवर ‘पाहा’ आणि ‘घ्या’ बरे. रिपोर्ट हातात असलेल्याला सरळ ‘पाठवा’, ‘ठरवा’ चालते. ‘आजच’ आणि ‘त्वरित’ यांना मात्र कारण असेल तरच जागा द्या. यंत्र आज घेतले काय आणि पुढच्या आठवड्यात घेतले काय, सर्वसाधारण वाचकाला फरक पडत नाही, हे त्याला ठाऊक असते.

आणि एक प्रसंग असा आहे की जिथे हा सगळा टप्प्यांचा विचार गुंडाळून ठेवायचा. एका कानाने अचानक, काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत ऐकू येणे कमी झाले असेल, तर ती तातडीची वैद्यकीय बाब असते. उपचार जितक्या लवकर सुरू होतील तितकी ऐकणे परतण्याची शक्यता अधिक असते. तुमच्या पहिल्या लेखात ही शक्यता कुठेच आलेली नाही आणि ती यायला हवी, कारण असा माणूसही तोच लेख उघडील. सात दिवसांचा तक्ता त्याच्यासाठी घातक आहे. तक्त्याच्या परिच्छेदाआधी, वेगळ्या ओळीवर, ठळक अक्षरांत लिहा : ‘हा त्रास अचानक सुरू झाला असेल, तर नोंद ठेवत बसू नका. आजच कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.’ त्या पानावर ‘आजच’ या शब्दाचा हक्क फक्त या ओळीला आहे. येथे केंद्राचा नंबरही देऊ नका, कारण हे काम केंद्राचे नाही.

मोजमापाविषयी एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका संस्थेसाठी मी अशाच एका लेखाखाली मोफत माहितीपुस्तिका ठेवली होती आणि ती घेण्यासाठी फोन नंबर बंधनकारक केला होता. पुस्तिका भराभर उतरवल्या जात होत्या, म्हणून आम्ही खूश होतो. पंधरा दिवसांनी विक्री करणाऱ्या सहकाऱ्याने यादी समोर टाकली. निम्म्याहून अधिक नंबर खोटे होते, एका गृहस्थांनी दहाही आकडे नऊ लिहिले होते, आणि ज्यांचे नंबर खरे होते त्यांचा पहिला प्रश्न ‘तुम्हाला माझा नंबर कोणी दिला?’ असा होता. क्लिक मोजले तर तो शेवट यशस्वी होता. प्रत्यक्षात आम्ही पुस्तिकेच्या आडून फोन नंबर काढून घेत होतो, आणि लोकांनी त्याला साजेसे उत्तर दिले होते.

म्हणून केवळ क्लिक मोजू नका. आधी भाजक नीट धरा : लेख उघडलेले किती, हे नव्हे, तर शेवटच्या परिच्छेदापर्यंत पोहोचलेले किती. त्यांच्यापैकी किती जणांनी बटण दाबले, हा पहिला आकडा. आणि तक्त्याचा कागद घेऊन किती जण तपासणीला आले, हा दुसरा. दुसरा आकडा स्वागतकक्षातच मोजावा लागेल, एका वहीत रेघा ओढून. शेवटपर्यंत वाचणारे भरपूर, पण बटण दाबणारे नगण्य, असे असेल तर मागणी जड आहे किंवा पत्ता चुकला आहे. बटण पुष्कळ दाबले जाते, पण पुढचा अर्ज अर्धवट सोडला जातो, असे असेल तर बटणाने जे सांगितले त्याहून अधिक अर्जाने मागितले आहे. बटण दाबले जाते, तक्ते जातात, पण कोणी येत नाही, असे झाले तर दोष लेखाच्या शेवटात नाही, तक्त्याच्या तळाच्या ओळीत आहे. मात्र निकाल पंधरवड्यात मागू नका. सात दिवसांची नोंद, मग घरातली चर्चा, मग वेळ ठरवणे, एवढे सगळे घडायला दीड-दोन महिने द्यावेच लागतील. पाच जणांऐवजी आठ जणांनी बटण दाबले म्हणून शब्द बदलू नका. इतक्या लहान आकड्यांत तो फरक कशानेही पडतो.

राहिली ती सवलत. ती काढून टाका असे मी म्हणणार नाही, कारण चालकांनी ती खरोखरच देऊ केली असेल तर कोणाच्या तरी उपयोगाची आहे. ती तिसऱ्या लेखाच्या वाचकाला पाठवायच्या लेखी उत्तरात, किमतींच्या खाली, ती संपण्याच्या खऱ्या तारखेसह द्या. तारीख दर महिन्याला पुढे सरकणार असेल, तर मात्र ती तिथेही लिहू नका; हा वाचक किमती ताडून पाहणारा आहे आणि महिन्याभराने तो पुन्हा येऊन पाहतोच.